हेडफोनमधली विणकामाची बाई

रेडिओवर चाळीस वर्षं ध्वनिमुद्रण केलेल्या माणसाला सगळे कानसेन म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. घरी मात्र बायको म्हणायची, "कसले कानसेन! मी स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या तरी कानावरची माशी हलत नाही यांच्या." त्यावर कानसेनांचं उत्तर ठरलेलं होतं. ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

पण गेल्या काही महिन्यांत हे उत्तर देताना त्यांचा आवाज जरा खाली येऊ लागला होता. टीव्हीचा आवाज त्यांनी वाढवायचा आणि बायकोनं कमी करायचा, असा घरात खेळच सुरू झाला होता. तिनं कानाच्या डॉक्टरांचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजच्या दारावर लावून टाकला होता. दूध काढायला गेलं की तो नंबर दिसायचा. कानसेनांनी बिनदुधाचा चहा सुरू केला. का, तर म्हणे पोटाला बरा पडतो.

खरं सांगायचं तर ते घाबरले होते. माणसाचे गुडघे जातात, दात जातात, त्याचं काही वाटत नाही. पण ज्या कानांच्या जिवावर आयुष्य काढलं तेच गेले, तर उरलं काय? नुसतं 'सेन'. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

लेक त्यांच्याच वळणावर गेली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत तिनं छोटा स्टुडिओ थाटला होता, आणि आता तिचं पहिलं स्वतःचं काम तयार झालं होतं: हेडफोन लावून ऐकायचं एक श्राव्यनाटक. एक बाई बऱ्याच वर्षांनी रिकाम्या घरात परत येते, आणि ऐकणाऱ्याला आपण त्या घराच्या मधोमध उभे आहोत असं वाटलं पाहिजे. पावलं डाव्या कानाशी सुरू होणार, फिरत फिरत उजव्या कानाशी जाणार. दारावरची बेल मात्र बरोब्बर समोरून.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "बाबा, संध्याकाळी पाचपर्यंत मला ते प्रसारणासाठी पाठवायचंय. फाइल तुम्हाला पाठवलीय. तुम्ही ऐका आणि सांगा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी पाठवणार नाही."

"अगं, तुझे तिथले लोक आहेत की ऐकायला."

"ते लोक आहेत. तुम्ही कान आहात."

झालं! एवढं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? कानसेनांनी कपाटातला जुना मोठा हेडफोन काढला, तर त्याच्या गाद्यांचा भुगा होऊन मांडीवर पडला आणि वायर मुळापासून तुटलेली. मग उरला तो लेकीनंच वाढदिवसाला दिलेला बिनवायरचा ब्लूटूथ हेडफोन. तो डब्यातून बाहेर आलाच नव्हता. वायरशिवाय आवाज म्हणजे भिंतीशिवाय घर, असं एक वाक्य त्या वेळी त्यांनी फेकलं होतं आणि स्वतःच त्यावर खूश झाले होते.

घरात लॅपटॉप एकच, बायकोचा, तिच्या नोकरीतल्या शेवटच्या वर्षांतला. शनिवारी त्यावर तिचा विणकामाचा ऑनलाइन वर्ग असे. वर्गाची रीत मोठी मजेशीर होती. विणकामाच्या बाई एक ओळ सांगायच्या, मग सगळ्याजणी आपापले माइक बंद करून मुकाट्यानं विणत बसायच्या. अर्ध्या-पाऊण तासानं बाई पुढची ओळ सांगणार. तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर टाके चुकतात. असा तो वर्ग दिवसभर चालायचा.

"घ्या लॅपटॉप," बायको म्हणाली. "माझा वर्ग मी बंद केलेला नाही हं. नुसती खिडकी खाली ढकललीय. बाईंचा आवाज आला की मी येते."

"हो हो," कानसेन म्हणाले. त्यांनी यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. आता हा काही कानाचा दोष म्हणता येणार नाही.

हेडफोन जोडायला काहीच अडचण आली नाही. बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला, लॅपटॉपच्या पडद्यावर नाव आलं, टिचकी मारली आणि 'जोडले गेले' असं लिहून आलं. कानसेनांनी मोठ्या थाटात हेडफोन चढवला, खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले आणि नाटक सुरू केलं.

काही नाही. एकदम ठार शांतता.

त्यांनी डोळे उघडले. नाटक तर चालू होतं, पट्टी पुढे सरकत होती. आवाज वाढवला. काही नाही. पूर्ण वाढवला. काही नाही. हेडफोन काढून पाहिला, झटकला, परत घातला. एवढंही ऐकू येत नाही आपल्याला?

तेवढ्यात बायकोचा मागून आवाज आला, "अहो, ऐकू येत नाहीये का?" तो त्यांना हेडफोन कानावर असतानाही स्वच्छ ऐकू आला, म्हणून जीव जरा भांड्यात पडला. बहिरे तर झालो नाही.

जेवायला आलेला मेहुणा सोफ्यावर पेपर वाचत होता. मेहुणा विमा कंपनीत होता, पण एकदा ऑफिसचा प्रिंटर त्यानं सुरू करून दाखवला होता, आणि तेव्हापासून अख्ख्या खानदानाचा तो तंत्रज्ञ झाला होता. हाक मारायची वेळच आली नाही. तो उठून आलाच.

"भावजी, सरका. हे आपलं काम आहे."

त्यानं हेडफोन लॅपटॉपमधून काढून टाकला आणि पुन्हा जोडला. 'जोडले गेले.' आवाज नाही. हेडफोन बंद करून चालू केला. आवाज नाही.

"लॅपटॉप बंद करून चालू करू?" मेहुणा म्हणाला.

"नको बाबा. तो एकदा झोपला की कुंभकर्ण आहे. पाचच्या आत उठायचा नाही."

"मग दुसरा उपाय." मेहुण्यानं कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारली. आवाज कुठे पाठवायचा याची यादी उघडली. तीन नावं होती. लॅपटॉपचा स्पीकर, हेडफोन स्टिरिओ आणि हेडसेट हँड्स-फ्री. निवड स्टिरिओवर होती. "हे बघा! एकाच हेडफोनची दोन नावं. एक चालत नाही ना? मग दुसरं घ्यायचं. साधा हिशोब आहे." त्यानं हँड्स-फ्री निवडलं आणि वर लॅपटॉपला कायमचं तेच ठरवून दिलं, म्हणजे पुन्हा कटकट नको.

आणि आवाज आला!

"बघा!" मेहुणा म्हणाला. "लोक उगाच दुकानात नेतात."

कानसेनांनी त्याची पाठ थोपटली आणि पुन्हा डोळे मिटले. नाटक सुरू झालं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरत गेलं.

हे काय होतं? दार उघडल्याचा आवाज खोक्यातून आल्यासारखा. पावलं, ती पावलं डावीकडून उजवीकडे जायला हवी होती, ती कपाळाच्या मधोमध उभी राहून ठकठक करत होती. बाईच्या आवाजातले 'स' आणि 'श' कुणी चाळून काढून टाकलेत असं वाटत होतं. चिमण्या ऐकू येत नव्हत्या. लेकीनं सांगितलं होतं की मागे चिमण्या आहेत. बेल वाजली, तीही मधूनच, आणि तिची ती शेवटची बारीक किणकिण कुठेच नव्हती.

पहिले उंच स्वर जातात. हे कानसेनांना माहीत होतं. म्हातारपणी कान जातो तो वरून जातो. चिमण्या, घंटा, 'स' आणि 'श'. त्यांनी स्वतः कितीतरी जुन्या गायकांना हे होताना पाहिलं होतं आणि मागे हळहळले होते. आता आपली पाळी.

त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. मेहुणा बाजूला उभा राहून "कसं वाटतंय? कसं वाटतंय?" असं विचारत होता, तेव्हा त्यांनी अंगठा वर केला. नाटकाच्या मध्यावर अचानक एक बाई म्हणाली, "आता दोन सुलटे, एक उलटा. सावकाश. घाई करू नका." मग पुन्हा रिकामं घर, पावलं, दार. कानसेनांना वाटलं, पोरीनं काय धाडस केलंय! घरात परत आलेल्या बाईला आईचं विणकाम आठवतं, असं काहीतरी असणार. एवढी एक गोष्ट तरी त्यांना नीट ऐकू आली, याचाच त्यांना आधार वाटला.

नाटक संपलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. लेकीनं सहा महिने मान मोडून हे केलंय. तिला सांगायचं, की बाई गं, तुझ्या बापाला आता तुझं काम ऐकू येत नाही? आजच? तिच्या पहिल्या दिवशी?

फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकरवर टाकला.

"बाबा! ऐकलं?"

"ऐकलं."

"मग?"

कानसेनांनी घसा साफ केला. "छान आहे."



"काय म्हणालात?"

"छान. छान झालंय म्हटलं. पाठवून दे."

"बाबा," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला, "तुम्ही मला जन्मात छान म्हटलेलं नाही. मी दहावीत पहिली आले तेव्हा तुम्ही 'चालेल' म्हणालात. इतकं वाईट झालंय का?"

"अगं नाही नाही!" कानसेनांची त्रेधा उडाली. आपण पोरीला धीर द्यायला गेलो आणि तिच्या छातीत धस्स केलं. आता काहीतरी ठोस बोलायला हवं होतं, खरं काहीतरी. "मला ती विणकामाची कल्पना फार आवडली. मधेच ती बाई दोन सुलटे, एक उलटा सांगते ना, तिथं तर…"

"कुठली बाई?"

"ती गं. विणकाम सांगणारी."

"बाबा, माझ्या नाटकात एकच बाई आहे आणि ती विणत नाही."

कानसेनांच्या तोंडचं पाणी पळालं. कान तर गेलेच, आता डोकंही? भास व्हायला लागले? आणि मग ते जे पोटात होतं ते सगळं एकदमच बाहेर पडलं. "मला नीट ऐकू येत नाही गं. पावलं जागची हलत नाहीत. चिमण्या नाहीत. बेल मधूनच येते आणि तिला वरचा सूरच नाही. माझे कान गेलेत. तुला खोटं बोललो, माफ कर. तू दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकून घे."

मेहुण्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायको बाहेर आली. तिच्या सुयांवर निळी बाही लोंबत होती, आणि ती इतकी लांब झाली होती की जमिनीला टेकली होती.

"काय म्हणालात तुम्ही आत्ता? दोन सुलटे, एक उलटा?" तिनं विचारलं. "कधी म्हणाल्या बाई? मी केव्हाची वाट बघत बसलेय! पुढची ओळ येईना म्हणून तीच ओळ विणतेय मी. ही बघा बाही! हत्तीला घालू का?"

फोनमधून लेकीचं हसू फुटलं. आधी थोडं, मग इतकं की तिला बोलता येईना. "आई! वर्ग चालू आहे का लॅपटॉपवर?"

"चालूच आहे की. यांना सांगितलं होतं मी."

"बाबा, घड्याळाशेजारी माइकचं छोटं चित्र दिसतंय का बघा."

दिसत होतं. मेहुण्यानं त्यावर बाण नेला, तर विणकामाच्या वर्गाचं नाव उमटलं.

"हां. आता ऐका," लेक म्हणाली. "ब्लूटूथ हेडफोनला आवाजाचे दोन रस्ते असतात. एक गाणी ऐकायचा. तो फक्त जायचा रस्ता, म्हणून रुंद, त्यात डावा-उजवा वेगवेगळा येतो. तो स्टिरिओ. दुसरा फोनवर बोलायचा. त्यात हेडफोनचा माइक पण चालतो, आवाज जातो आणि येतो, म्हणून तो अरुंद. डावा-उजवा एक होतो आणि वरचे सूर कापले जातात. तो हँड्स-फ्री. दोन्ही एकदम चालत नाहीत. तुम्ही हेडफोन जोडलात, आईच्या वर्गानं त्याचा माइक धरला, हेडफोन फोनच्या रस्त्यावर गेला आणि गाण्यांचा रस्ता बंद. म्हणून आधी काहीच ऐकू आलं नाही."

"पण वर्गात सगळ्यांचे माइक बंद असतात," बायको म्हणाली.

"तुझा आवाज त्यांना जात नाही एवढंच. माइक वर्गाच्या हातातच असतो आई. आणि बाईंचा आवाज लॅपटॉपमधून यायचा तो बाबांच्या कानात गेला."

बायकोनं कानसेनांकडे पाहिलं. "म्हणजे माझी ओळ तुम्ही ऐकलीत आणि नाटक समजून बसलात."

"वर्ग सोड आई. फोनवरून जोडून घे."

बायकोनं वर्ग सोडला. माइकचं चित्र गेलं. कानसेनांनी घाईघाईनं हेडफोन घातला, नाटक लावलं, आणि त्यांचे खांदे पडले. "तसंच आहे गं. खोक्यातूनच येतंय." आता मात्र त्यांची खात्रीच पटली. यंत्राचं जे होतं ते झालं, उरलेलं आपलं.

"थांबा. आवाज कुठं पाठवायचा ते काय निवडलंय?"

मेहुण्यानं हळूच हात वर केला, जणू ते फोनवर दिसणारच होतं. "हँड्स-फ्री. मीच ठेवलं. कायमचं."

"मामा!"

"अगं, आवाज आला ना त्यानं!"

"येणारच. फोनच्या रस्त्यानं. लॅपटॉपला सांगितलंयस ना की सगळं तिकडूनच पाठव, मग तो बिचारा पाठवतोय. बदल ते. स्टिरिओ कर."

मेहुण्यानं स्टिरिओ निवडलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग कानसेनांच्या डाव्या कानाशी कुणीतरी दार उघडलं.

ते दचकून डावीकडे वळले. तिथे कुणी नव्हतं. पावलं चालू लागली, डोक्याच्या मागून फिरून उजवीकडे गेली. दूर चिमण्या होत्या. बाईनं श्वास घेतला आणि तिच्या 'स'ला धार होती. कानसेनांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं त्याला गप्प राहायची खूण केली.

बेल वाजली. वरची किणकिण अगदी स्पष्ट. पण बेल समोर नव्हती. जराशी डावीकडे झुकली होती.

कानसेनांनी नाटक थांबवलं. चाळीस वर्षांची सवय जागी झाली होती. त्यांनी हेडफोन काढला, उलटा केला, डावा उजव्या कानावर आणि उजवा डाव्या कानावर, आणि बेल पुन्हा वाजवली. लेकीनं केलेल्या आवाजांच्या मिश्रणात चूक असेल तर झुकाव आता उजवीकडे यायला हवा होता.

बेल अजूनही डावीकडेच होती.

त्यांनी हेडफोन सरळ करून शेवटपर्यंत ऐकलं, एक जागा दोनदा ऐकली, आणि फोन जवळ ओढला.

"ऐक," ते म्हणाले. "बेल बरोबर आहे तुझी. मला डावीकडे वाटते, पण तो माझा उजवा कान आहे. तो कमी झालाय. हेडफोन उलटा करून बघितलं. खरं ते सांगतोय."

"बाबा…"

"पुढं ऐक. शेवटच्या वाक्याआधी पावलं थांबतात ना? तिथं तू आवाज कापलास आणि खोली टाकायला विसरलीस. तिथं शांतता नाही, तिथं काहीच नाही. खोलीची स्वतःची शांतता असते, ती क्षणभर तुटलीय. ऐकणारा एकदम घराबाहेर पडतो."

पलीकडे खटखट झाली. लेक ऐकत होती. मग ती जवळजवळ किंचाळली, "अरे देवा! तिथली खोलीच्या आवाजाची पट्टीच रिकामी राहिलीय! मी शंभर वेळा ऐकलं, कुणालाच नाही कळलं!"

"रिकाम्या खोलीची मुद्रणं आहेत ना तुझ्याकडं?"

"आहेत. तुम्हीच शिकवलंत घ्यायला."

"मग घाल आणि पाठव मला. घाई करू नकोस, वेळ आहे."

नवी फाइल आली. कानसेनांनी ती ऐकली. या वेळी मेहुणा पण टेबलाला हात टेकून श्वास रोखून उभा होता. पावलं थांबली. खोली तशीच उभी राहिली, आपल्या जागी, आणि त्या खोलीत बाई शेवटचं वाक्य बोलली.

त्यांनी हेडफोन काढला.

"मग?" फोनमधून आवाज आला.

कानसेनांनी नेहमीसारखं नाक ओढलं आणि छताकडे पाहिलं. "चालेल," ते म्हणाले.

तिकडून उत्तर आलं ते नाक सुरसुरण्याच्या आवाजात. बायकोनं वाकून विचारलं, "रडतेय का ती?"

"गप्प बस, ऐकू दे," कानसेन म्हणाले, पण त्यांचाही आवाज काही धड नव्हता.

लेकीनं नाटक पाठवलं. फोन ठेवल्यावर मेहुणा म्हणाला की मुळात हेडफोन जोडून तर त्यानंच दिला होता, हे कुणी विसरू नये. बायको फोनवर वर्ग जोडून बसली आणि हत्तीची बाही उसवायला लागली.

कानसेन उठले, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज उघडून दूध काढलं. दाराला लावलेली चिठ्ठीही बरोबरच घेऊन आले.

"अगं," ते म्हणाले, "हे कानाचे डॉक्टर सोमवारी बसतात का?"

"काय म्हणालात?" बायकोनं विचारलं. तिला ऐकू गेलं होतं, पण तिला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं.